किनाऱ्यावर पळणारा उजेड

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर अंधार पडल्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, की पाण्यात एक उजेड ठरावीक अंतराने चमकताना दिसतो. तो खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा. 1679 साली शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी बांधायला घेतली आणि त्यावरून मुंबईच्या इंग्रजांशी इथल्याच पाण्यात लढाई झाली. त्या बेटावर 1867 साली दीपगृह उभं राहिलं. आज सरकारदरबारी बेटाचं नाव कान्होजी आंग्रे बेट असं आहे, पण किनाऱ्यावरचे लोक त्याला खांदेरीच म्हणतात. किनाऱ्यापासून ते सुमारे 5 किलोमीटरवर आहे.

थळला उभ्या असलेल्या माणसाला फक्त झळक दिसते. काळोख, एक झळक, पुन्हा काळोख. फिरत्या दीपगृहात मात्र दिवा विझत नसतो. त्याच्याभोवतीचं भिंग गोल फिरत असतं आणि भिंगातून निघालेला उजेडाचा झोत त्याच्याबरोबर चक्कर मारत असतो. झोत आपल्या डोळ्यांवरून गेला, की आपल्याला झळक दिसते.

आता हा किनारा सरळ आहे असं समजू आणि त्याच्या कडेने मैलोन्‌मैल एक पांढरी भिंत बांधली आहे अशी कल्पना करू. झोत फिरेल तसा भिंतीवर उजेडाचा ठिपका पळत जाईल. भिंग घड्याळाच्या काट्यासारखं एकाच चालीने फिरतं. मग भिंतीवरचा ठिपकाही एकाच चालीने पळेल का?

बहुतेकांच्या तोंडून पटकन ‘हो’ येतं. उत्तर ‘नाही’ असं आहे. ठिपका बेटाच्या समोर सर्वांत हळू असतो आणि दूर जाता जाता त्याचा वेग सारखा वाढत जातो. तो किती वाढतो हे सांगण्यासाठी त्रिकोणमितीतला टॅन्जंट लागतो आणि कलनशास्त्रातला अवकलज, म्हणजे कॉलेजात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो.

घरातल्या भिंतीवर

समुद्रावर जाण्याआधी हे घरात करून पाहता येतं. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि एका लांब भिंतीपासून 2 मीटर अंतरावर टॉर्च घेऊन बसा. टॉर्चचा झोत आधी भिंतीवर अगदी समोर टाका आणि ठिपका पडेल तिथे खडूने खूण करा. मग टॉर्च 30 अंशांनी वळवा आणि दुसरी खूण करा. आणखी 30 अंशांनी वळवा आणि तिसरी खूण करा. दोन्ही वेळी टॉर्च सारखीच वळली आहे.

आता टेपने मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या खुणेत सुमारे 1 मीटर 15 सेंटिमीटर अंतर भरेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेत सुमारे 2 मीटर 31 सेंटिमीटर, म्हणजे पहिल्याच्या बरोबर दुप्पट. टॉर्च तेवढीच फिरली, पण ठिपका दुप्पट चालला. टॉर्च एकाच चालीने फिरवली असती, तर दुसऱ्या टप्प्यात ठिपक्याचा सरासरी वेग दुप्पट झाला असता.

हे अंतर आधीच कसं सांगता येतं? तुम्ही बसलात ती जागा, तुमच्या अगदी समोरची खूण आणि ठिपका या तीन बिंदूंचा एक काटकोन त्रिकोण होतो. काटकोन समोरच्या खुणेपाशी असतो. झोत समोरच्या दिशेपासून जितका वळला, तो कोन तुमच्यापाशी असतो. नववी-दहावीत शिकलेली गोष्ट इथे आठवायची: काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू म्हणजे त्या कोनाचा टॅन्जंट. इथे समोरची बाजू म्हणजे ठिपक्याने भिंतीवर कापलेलं अंतर, आणि लगतची बाजू म्हणजे तुम्ही भिंतीपासून किती दूर आहात ते. पहिल्या अंतराला x, दुसऱ्याला a आणि कोनाला θ, म्हणजे थीटा म्हटलं, तर

x = a tan θ

30 अंशांचा टॅन्जंट 0.577 आहे आणि 60 अंशांचा 1.732. त्यांना 2 मीटरने गुणलं, की टेपवरचे आकडे मिळतात.

चाल मोजायची कशी

आता खांदेरीकडे जाऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून किनारा सरळ आहे, बेट त्यापासून 5 किलोमीटरवर आहे आणि झोत 20 सेकंदांत एक चक्कर पुरी करतो असं धरू. हे 20 सेकंद मी हिशेबासाठी घेतले आहेत. 20 सेकंदांत 360 अंश, म्हणजे सेकंदाला 18 अंश. बेटाच्या बरोबर समोर किनाऱ्यावर जो बिंदू येतो त्याला आपण ‘पायथा’ म्हणू. कोन आणि अंतर दोन्ही तिथून मोजायचं.

झोत 45 अंशांवर आला आहे. 45 अंशांचा टॅन्जंट 1, म्हणून ठिपका पायथ्यापासून 5 किलोमीटरवर आहे. त्या क्षणी त्याचा वेग काय?

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. म्हणून एक सेकंद थांबू. तेवढ्यात झोत 63 अंशांवर जाईल आणि ठिपका सुमारे 9.81 किलोमीटरवर पोहोचेल. एका सेकंदात 4.81 किलोमीटर. पण हा त्या क्षणाचा वेग नव्हे. सेकंदाच्या सुरुवातीला ठिपका हळू होता आणि शेवटी बराच वेगवान झाला होता, त्या सगळ्याची ही सरासरी आहे. म्हणून कमी वेळ घेऊ. सेकंदाच्या दहाव्या भागात झोत 1.8 अंश वळतो आणि ठिपका 324 मीटर सरकतो. हा वेग झाला सेकंदाला 3.24 किलोमीटर. आणखी कमी वेळ घेऊ. सेकंदाच्या शंभराव्या भागात ठिपका साडेएकतीस मीटर सरकतो, म्हणजे सेकंदाला 3.15 किलोमीटर.

4.81, मग 3.24, मग 3.15. वेळेचा तुकडा जितका बारीक, तितका आकडा एका ठरावीक संख्येच्या जवळ जातो आणि तिथे स्थिरावतो. ती संख्या 3.14 आहे. ज्या संख्येकडे हे आकडे जातात तोच त्या क्षणाचा वेग. अवकलज म्हणजे एवढंच. तुकडे बारीक करत जायचे आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. दर वेळी असे तुकडे करत बसण्याऐवजी ते काम एकदाच कायमचं करून ठेवता येतं. टॅन्जंटचा अवकलज म्हणजे असं एकदा करून ठेवलेलं काम.

दोन कारणं, दोनदा भागाकार

पुस्तकात टॅन्जंटचा अवकलज एका ओळीत दिलेला असतो: सेकंटचा वर्ग. सेकंट म्हणजे 1 भागिले कोसाइन. हे पाठ करणं सोपं आहे. पण तो वर्ग कुठून आला हे कळलं, की सूत्र विसरलं तरी पुन्हा उभं करता येतं. त्यासाठी कागदावर एक आकृती काढा.

दिव्याच्या जागी द लिहा. पायथ्याच्या जागी प. ठिपका आत्ता जिथे आहे तिथे ठ. आता झोत अगदी थोडासा वळला आणि ठिपका न या नव्या जागी गेला. ठ पासून न पर्यंतचा किनाऱ्याचा तुकडा किती लांब आहे, एवढंच आपल्याला हवं आहे.

द हे केंद्र धरून ठ मधून एक छोटा कंस काढा. तो नव्या झोताला जिथे मिळतो तिथे क लिहा. दिव्यापासून ठिपक्यापर्यंतच्या अंतराला r म्हणू. कोन रेडियनमध्ये मोजला असेल, तर कंसाची लांबी म्हणजे r गुणिले वळलेला कोन. रेडियनची व्याख्याच तशी आहे. आता दिवा-पायथा-ठिपका या काटकोन त्रिकोणात r हा कर्ण आहे, म्हणून r म्हणजे a भागिले cos θ. हा पहिला भागाकार. त्याचं कारण साधं आहे. ठिपका दूर गेला की झोताची काठी लांब होते, आणि लांब काठीचं टोक तेवढ्याच वळणात जास्त फिरतं.

पण ठिपका कंसावरून चालत नाही, किनाऱ्यावरून चालतो. कंस झोताला काटकोनात छेदतो, किनारा मात्र झोताला तिरका असतो. ठ, क आणि न यांचा एक चिमुकला त्रिकोण झाला आहे. त्यात क पाशी काटकोन आहे आणि ठ-न हा कर्ण आहे. ठ पाशी कोन किती? कंसाचा तुकडा झोताला लंब आहे, आणि किनारा द-प या रेषेला लंब आहे. झोत आणि द-प यांच्यामधला कोन θ आहे. दोन्ही रेषा काटकोनाने वळवल्या तरी त्यांच्यामधला कोन तोच राहतो, म्हणून ठ पाशीही θ आहे. तेव्हा ठ-न ही लांबी म्हणजे कंस भागिले cos θ. हा दुसरा भागाकार. याचं कारण झोताचा तिरकेपणा: पाडाव तिरका झाला, की किनाऱ्यावरचा तुकडा लांबतो.

म्हणजे वर्ग दोन वेगळ्या कारणांनी आला आहे. एकदा काठी लांबली म्हणून, आणि एकदा पाडाव तिरका झाला म्हणून. योगायोगाने दोन्ही कारणं त्याच कोसाइनने मोजली जातात. आकृतीत चिमुकल्या त्रिकोणाच्या बाजू सरळ नाहीत, त्यातली एक कंस आहे, अशी शंका येईल. ती रास्त आहे. पण वळण जितकं बारीक, तितका कंस सरळ रेषेजवळ जातो, आणि तुकडे बारीक करत जाण्यात तेच तर चाललं आहे.

झोताच्या फिरण्याच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला किती रेडियन वळतो याला, ω म्हणजे ओमेगा म्हणतात. ठिपक्याचा वेग v धरला, तर

v = aω sec²θ

खांदेरीच्या आपल्या हिशेबात एका चकरेत 2π रेडियन, 20 सेकंदांत. म्हणून ω म्हणजे सेकंदाला 0.314 रेडियन. त्याला 5 किलोमीटरने गुणलं की 1.57 मिळतात. पायथ्यापाशी θ शून्य असतो आणि सेकंट 1, म्हणून तिथे ठिपका सेकंदाला 1.57 किलोमीटर वेगाने जातो. हा त्याचा सर्वांत कमी वेग, आणि तोही हवेतल्या ध्वनीच्या चौपटीहून जास्त आहे. 45 अंशांवर सेकंटचा वर्ग 2, म्हणून वेग 3.14. तुकडे बारीक करून आपण ज्या संख्येकडे गेलो होतो तीच. 60 अंशांवर वर्ग 4, वेग सेकंदाला 6.28 किलोमीटर.

किनाऱ्यावर उभ्या माणसाला कोन मोजता येत नाही, पावलं मोजता येतात. त्याच्यासाठी हेच सूत्र दुसऱ्या रूपात सोयीचं पडतं. सेकंटचा वर्ग म्हणजे 1 अधिक टॅन्जंटचा वर्ग, आणि टॅन्जंट म्हणजे x भागिले a. म्हणून

v = aω (1 + x²/a²)

पायथ्यापासून 10 किलोमीटरवर x हा a च्या दुप्पट आहे, म्हणून कंसात 1 अधिक 4, म्हणजे 5. वेग 7.85 किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जवळजवळ याच वेगाने जातं. 20 किलोमीटरवर कंसात 17 येतात आणि वेग 26.7 किलोमीटरवर जातो.

या वेगाचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. झोत किनाऱ्याकडे तोंड करून चकरेच्या निम्मा वेळ, म्हणजे 10 सेकंद असतो. त्यातली बरोबर 5 सेकंदं तो पायथ्याच्या डाव्या-उजव्या 5-5 किलोमीटरच्या पट्ट्यात घालवतो. उरलेल्या 5 सेकंदांत त्याला बाकीचा सगळा किनारा उरकायचा असतो.

हिशेब कुठे चुकतो

हे उदाहरण कलनशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत असतं आणि त्यात ठरलेल्या जागी चुका होतात. सर्वांत मोठी चूक अंशांची. कोणी ω च्या जागी सेकंदाला 18 अंश हाच आकडा घालतं आणि 45 अंशांवर सेकंदाला 180 किलोमीटर असं उत्तर काढतं. हे पकडायला सूत्राची गरज नाही. दिव्याभोवती 5 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा. त्याचा परीघ 31.4 किलोमीटर आहे आणि झोताचं टोक तो 20 सेकंदांत फिरतं, म्हणजे सेकंदाला 1.57 किलोमीटर. पायथ्यापाशी किनारा या वर्तुळाला स्पर्श करतो, म्हणून तिथे ठिपक्याचा वेगही तेवढाच हवा. पायथ्याचं उत्तर याच्याशी जुळलं नाही, तर पुढचं सगळं चुकलेलं असतं.

दुसरी चूक तिरकेपणा विसरण्याची. r गुणिले ω केलं आणि थांबलं, तर 45 अंशांवर 3.14 ऐवजी 2.22 येतं. हा कंसावरचा वेग झाला, किनाऱ्यावरचा नव्हे. पायथ्याची तपासणी इथे उपयोगी पडत नाही, कारण तिथे तिरकेपणाच नाही आणि उत्तर बरोबरच येतं. ही चूक पकडायला तुकड्यांचा हिशेबच करावा लागतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात ठिपका 31 मीटर सरकला की 22, एवढं पाहिलं की पुरे.

तिसरी चूक वही सोडून प्रत्यक्ष किनाऱ्यावर होते. घड्याळ घेऊन कोणी दोन झळकांमधला वेळ मोजतो आणि तोच चकरेचा वेळ धरतो. दीपगृहाच्या भिंगाला बहुधा अनेक बाजू असतात आणि प्रत्येक बाजूतून एक झोत निघतो. अशी भिंगं फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेल यांनी घडवली आणि 1823 साली कॉर्दुआनच्या दीपगृहात त्यांचं पहिलं भिंग लागलं. समजा भिंगाला चार बाजू आहेत आणि ते 20 सेकंदांत फिरतं, तर झळक दर 5 सेकंदांनी दिसेल. त्या 5 सेकंदांना चक्कर समजलं, तर वेग चौपट येतो. चकरेचा वेळ काढायचा असेल, तर भिंगाच्या बाजू किती हे माहीत हवं.

अनंताच्या वाटेवर क्षितिज

θ हा 90 अंशांकडे गेला की कोसाइन शून्याकडे जातो आणि सूत्रातला वेग अमर्याद वाढतो. झोत किनाऱ्याला समांतर होतो तेव्हा ठिपका कुठेच नसतो. मग 90 अंशांच्या किंचित आधी ठिपका प्रकाशापेक्षाही वेगाने पळेल का?

सूत्राप्रमाणे तसं होण्यासाठी ठिपका पायथ्यापासून सुमारे 2,185 किलोमीटरवर असायला हवा. तिथे तो असूच शकत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. समुद्रसपाटीपासून 25 मीटर उंचीवर असलेल्या दिव्याचं क्षितिज सुमारे 18 किलोमीटरवर असतं. पाहणाऱ्याचे डोळे पाण्यापासून 4 मीटर उंचीवर असतील, तर त्यात आणखी 7 मिळवायचे. म्हणजे 25 किलोमीटरच्या पुढे दिवा क्षितिजाखाली जातो. दिव्यापासून 25 किलोमीटरवर ठिपका म्हणजे काठी a च्या पाचपट, सेकंटचा वर्ग 25 आणि वेग सेकंदाला सुमारे 39 किलोमीटर. आपल्या दीपगृहाच्या ठिपक्याची ही शेवटची चाल. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर आहे.

तरीही पृथ्वी सपाट असती आणि किनारा हजारो किलोमीटर सरळ असता तर, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर असं की आपल्या सूत्रात एक गोष्ट गृहीत आहे: झोत दिव्यापासून किनाऱ्यापर्यंत तत्काळ पोहोचतो. खरं तर प्रकाशाला वेळ लागतो, आणि दूरच्या जागेसाठी जास्त लागतो. तो वेळ धरून पुन्हा अवकलज काढला, तर पायथ्यापासून दूर जाणाऱ्या ठिपक्याचा वेग वाढत वाढत प्रकाशाच्या वेगाकडे जातो आणि त्याला ओलांडत नाही. 5 किलोमीटरच्या अंतरात प्रकाशाला सेकंदाचा साठ हजारावा भाग लागतो, म्हणून खांदेरीच्या हिशेबात ही दुरुस्ती कुठेच जाणवत नाही.

शिवाय ठिपका ही वस्तूही नव्हे. आत्ता इथे पडलेला उजेड आणि क्षणानंतर पुढे पडलेला उजेड, हे दिव्यातून वेगवेगळ्या वेळी निघालेले आहेत. किनाऱ्याच्या कडेने काहीच धावत गेलेलं नाही. धावतो तो फक्त आपण ज्याला ‘ठिपका’ म्हणतो तो हिशेब.

खलाशाला काय दिसतं

इतका वेग वाढत असेल, तर दूर उभ्या माणसाला झळक अगदी क्षणिक दिसायला हवी, नाही का? पायथ्यापाशी ठिपका दीड किलोमीटरच्या वेगाने जातो आणि वीस किलोमीटरवर त्याच्या 17 पटीने. मग थळला दिसणारी झळक लांब असेल आणि दूरच्या गावात दिसणारी डोळ्याला जेमतेम कळेल.

असं होत नाही, आणि का होत नाही याचं उत्तर त्याच सूत्रात आहे. झोत म्हणजे रेषा नव्हे, त्याला थोडी रुंदी असते. ती 1 अंश आहे असं धरू. पायथ्यापाशी 1 अंशाचा झोत किनाऱ्यावर सुमारे 87 मीटरचा पट्टा उजळवतो. 45 अंशांवर हा पट्टा किती? आपण आधी ज्या चिमुकल्या त्रिकोणाचा हिशेब केला, तोच इथे लागू होतो. तिथे कोन म्हणजे झोताचं वळण होतं, इथे कोन म्हणजे झोताची रुंदी. काठी लांबली म्हणून एक भागाकार, पाडाव तिरका म्हणून दुसरा. म्हणून पट्टाही सेकंटच्या वर्गाने लांबतो. 45 अंशांवर तो पावणेदोनशे मीटर होतो, आणि पायथ्यापासून 20 किलोमीटरवर जवळजवळ दीड किलोमीटर.

ठिपका 17 पट वेगाने जातो आणि 17 पट लांबही होतो. त्याला एका माणसावरून जायला लागणारा वेळ म्हणजे लांबी भागिले वेग, आणि त्या भागाकारात सेकंटचा वर्ग वर-खाली दोन्हीकडे असल्यामुळे निघून जातो. उरतो फक्त 1 अंश भागिले सेकंदाला 18 अंश, म्हणजे सेकंदाचा अठरावा भाग. थळला तेवढाच आणि 20 किलोमीटर दूर तेवढाच. तेवढाच वेळ किनाऱ्यापासून दूर समुद्रात होडीत बसलेल्या माणसालाही दिसतो, कारण त्याच्या डोळ्यांवरून झोत तितक्याच कोनाने, तितक्याच चालीने जातो. दूर गेल्यावर झळक मंद होते, पण तिचा काळ आणि दोन झळकांमधलं अंतर बदलत नाही.

खलाशाचं काम याच्यावर चालतं. रात्री समोर चमकणारा उजेड कोणत्या दीपगृहाचा आहे हे तो झळकांच्या ठेक्यावरून ओळखतो. प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा ठरवलेला असतो आणि तो नकाशावर लिहिलेला असतो. तो ठेका कुठून पाहिलं तरी तोच दिसायला हवा, जवळून एक आणि दूरून दुसरा असून चालत नाही. किनाऱ्यावरच्या ठिपक्याचा वेग जागेप्रमाणे पंचवीसपट बदलतो, तरी खांदेरीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला, तो थळच्या वाळूत उभा असो किंवा मुंबईकडे निघालेल्या जहाजावर, झळकांचा एकच ठेका मोजायला मिळतो.